यादीत सोळा ग्राहक, हिशेबात पाचही नाहीत
लहान कारखान्याचा ग्राहक-केंद्रीकरण अहवाल कसा तयार होतो आणि त्यातून काय उघड होते

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत एखाद्या मशिन शॉपच्या मालकाला "कस्टमर किती?" असे विचारले, तर उत्तर चटकन येते: "आहेत की पंधरा-सोळा." टॅली उघडली तर तितकी खाती खरोखरच दिसतात. पण सोळा खाती असणे आणि सोळा जणांवर भार वाटलेला असणे यांत फार मोठे अंतर आहे. हे अंतर मोजणारा कागद म्हणजे ग्राहक-केंद्रीकरण अहवाल. वर्षभराच्या विक्रीतला किती वाटा पहिल्या दोन-चार ग्राहकांकडून आला, हे तो सांगतो. पण तो नीट केला तर त्याहून पुष्कळ काही सांगतो, आणि म्हणूनच मला तो ताळेबंदाइतकाच मोलाचा वाटतो.

ज्या मोजपट्टीवर हा अहवाल उभा आहे, ती कारखान्यासाठी घडलेलीच नव्हती. १९१५ साली बर्लिनमध्ये जन्मलेले अर्थतज्ज्ञ आल्बर्ट हर्शमन १९३३ मध्ये जर्मनी सोडून निघाले. १९४० मध्ये मार्सेय शहरातून नाझींपासून पळणाऱ्या लोकांना बाहेर काढण्याच्या कामात ते होते आणि पुढे अमेरिकेत पोचले. तिथे त्यांनी एका प्रश्नाचा पाठपुरावा केला: जर्मनीने आग्नेय युरोपातल्या लहान देशांना व्यापारातून कसे बांधून घेतले? १९३० च्या दशकाच्या अखेरीस बल्गेरियाची निम्म्याहून अधिक निर्यात एकट्या जर्मनीला जात होती, आणि जर्मनीच्या एकूण व्यापारात मात्र बल्गेरियाचा वाटा अगदी किरकोळ होता. व्यवहार तोच आणि रक्कमही तीच, पण तो तुटला तर एका बाजूला खरचटणार होते आणि दुसऱ्या बाजूचा कणा मोडणार होता. हे अवलंबित्व एका आकड्यात बसवण्यासाठी हर्शमन यांनी प्रत्येक देशाच्या वाट्याचा वर्ग करून बेरीज घेतली आणि तिचे वर्गमूळ काढले. त्यांचे पुस्तक १९४५ मध्ये आले. पाच वर्षांनी ऑरिस हर्फिंडाल यांनी अमेरिकेतल्या पोलाद उद्योगाचा अभ्यास करताना वर्गमूळ न काढता तीच बेरीज वापरली. आज तिला दोघांच्या नावाने हर्फिंडाल-हर्शमन निर्देशांक म्हणतात. मक्तेदारी मोजायला तो जगभर वापरला जातो, पण त्याचा जन्म लहान बाजूची अडचण मोजण्यासाठी झाला. मशिन शॉप आणि ट्रॅक्टर कंपनी यांचे नाते बल्गेरिया आणि जर्मनीसारखेच असते, म्हणून हे माप इथे चपखल बसते.

आता एक कारखाना घेऊ. तो समजावण्यासाठी मी बांधलेला नमुना आहे, पण त्याची प्रमाणे अशा शॉपमध्ये भेटतात तशीच ठेवली आहेत. कच्ची कास्टिंग फाउंड्रीतून घ्यायची, सीएनसी आणि व्हीएमसीवर मशिनिंग करायचे आणि हब, हाउसिंग, फ्लँज असे पार्ट पाठवायचे, हे त्याचे काम.

पहिली पायरी म्हणजे विक्रीचा आकडा साफ करणे. टॅलीच्या विक्री रजिस्टरमध्ये जीएसटी वगळून १२ कोटी ७० लाख दिसतात. त्यात २५ लाख टर्निंग-बोरिंगच्या भंगाराचे आहेत. भंगारवाला हा काही ग्राहक नव्हे. ३० लाख एका कंपनीने नव्या पार्टच्या फिक्श्चरसाठी आणि टूलिंगसाठी एकदाच दिले. ते पुढच्या वर्षी येणार नाहीत. १५ लाखांच्या डेबिट नोटा रिजेक्शनपोटी आल्या, त्या विक्रीतून वजा व्हायला हव्यात. उरले १२ कोटी. ही साफसफाई न करता केलेला अहवाल पहिल्या ओळीपासून चुकतो. टूलिंगचे पैसे मोठ्या ग्राहकाच्या खात्यात बसून त्याचा वाटा एका वर्षापुरता फुगवतात आणि पुढच्या वर्षी काही घडले नसतानाही तो घटल्यासारखा दिसतो.

काळ नेहमी सलग बारा महिन्यांचा घ्यावा. ट्रॅक्टरच्या कामाला हंगाम असतो. दसरा-दिवाळीच्या आधीची तिमाही एकटी पाहिली तर ट्रॅक्टर कंपनी डोंगराएवढी दिसते आणि इतर ग्राहक झाकले जातात.

मग सोळा खाती मोठ्यापासून लहानापर्यंत लावली. पहिल्याचा वाटा २४ टक्के, दुसऱ्याचा १५, तिसऱ्याचा १२, चौथ्याचा १०, आणि पुढे ८, ७, ६, ५, ४, ३. शेवटचे सहा जण प्रत्येकी एक टक्का. पहिले तिघे मिळून ५१ टक्के होतात. वर्गांची बेरीज १,२५० येते. दहा हजाराला या बेरजेने भागले की एक अतिशय बोलका आकडा मिळतो: भार अगदी सारखा वाटला असता तर तो किती ग्राहकांमध्ये वाटल्यासारखा आहे. इथे तो बरोबर ८ येतो. सोळा नावे आहेत, पण टेकू आठच. वाटे टक्क्यांत डी स्तंभात असतील तर एक्सेलमध्ये एवढेच लिहायचे:

```
=10000/SUMSQ(D2:D17)
```

बहुतेक अहवाल इथेच थांबतात, आणि खरे काम इथून पुढे सुरू होते. कारण टॅलीतले खाते आणि ग्राहक या एकच गोष्टी नाहीत. खाते अकाउंटंटने बिल कुठे पाठवायचे या सोयीने उघडलेले असते. एकाच कंपनीचे दोन राज्यांत दोन प्लांट असतील तर जीएसटी क्रमांक दोन असतात, म्हणून खातीही दोन होतात. ती शोधायची युक्ती त्या क्रमांकातच दडलेली आहे. जीएसटीआयएन पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७. त्यानंतरची दहा अक्षरे म्हणजे त्या कंपनीचा पॅन. राज्य बदलले तरी पॅन बदलत नाही. जीएसटीआर-१ साठी ही यादी दर महिन्याला तयार होतेच. तिच्या शेजारच्या रिकाम्या स्तंभात एक सूत्र टाकून खाली ओढायचे:

```
=MID(B2,3,10)
```

मग त्या स्तंभानुसार क्रम लावायचा. आमच्या नमुन्यात असे केले तेव्हा पहिले आणि चौथे खाते एकमेकांना येऊन चिकटले. २४ आणि १० मिळून ३४ टक्के. हा क्षण मी प्रत्यक्ष कामातही अनुभवला आहे. वर्षानुवर्षे स्वतंत्र समजलेल्या दोन नावांसमोर तीच दहा अक्षरे एकाखाली एक येतात, आणि बाजूला उभा असलेला मालक काही वेळ बोलत नाही. माल दोन गेटांतून जातो, पण दर एकाच टेबलावर ठरतो, हे त्याला माहीत असतेच; फक्त त्याची बेरीज कधी झालेली नसते.

पॅनने सगळे सापडत नाही. भगिनी कंपनीचा पॅन वेगळा असतो. सहा टक्क्यांचे एक खाते अशाच कंपनीचे निघाले. नाव वेगळे, कायद्याने संस्था वेगळी, पण मालकी एकच आणि खरेदीचा प्रमुखही एकच. हे कोणत्याही सूत्राला कळत नाही. ते माल घेऊन जाणाऱ्या माणसाला किंवा मालकालाच माहीत असते. म्हणून यादी छापून त्यांच्यासमोर ठेवायची आणि प्रत्येक नावापुढे "दर कोण ठरवतो?" हा प्रश्न विचारायचा. लेखा मानकेही हेच सांगतात. ज्यांना इंड एएस लागू आहेत अशा कंपन्यांसाठीचे १०८ क्रमांकाचे मानक म्हणते की महसुलाच्या १० टक्के किंवा अधिक एका बाहेरच्या ग्राहकाकडून येत असेल तर ते जाहीर करावे. नाव सांगणे बंधनकारक नाही, पण एकाच नियंत्रणाखालच्या संस्था माहीत असतील तर त्या एकच ग्राहक धराव्यात. आमच्यासारख्या लहान कारखान्याला हे मानक लागू नाही. म्हणून कोणी मागत नाही, आणि कोणी मागत नाही म्हणून तो अहवाल होत नाही.

तर आता पहिला ग्राहक, त्याला 'अ' म्हणू, ४० टक्क्यांवर आला. वर्गांची बेरीज १,२५० वरून २,१३८ झाली आणि आठाचे ४.७ उरले. विक्रीत एका रुपयाचाही फरक पडलेला नाही. फक्त नावे नीट जुळवली.

यापुढे आणखी एक थर आहे. दुसरा ग्राहक 'ब' हा १५ टक्क्यांचा. तो हायड्रॉलिक असेंब्ली बनवतो आणि त्याचा 'अ' शी मालकीचा काही संबंध नाही. पण आपण त्याला देतो त्या हाउसिंगपैकी दोन तृतीयांश 'अ' च्याच ट्रॅक्टरमध्ये जातात. म्हणजे विक्रीतले आणखी १० टक्के त्याच ट्रॅक्टरच्या लाइनवर अवलंबून आहेत. हे १० टक्के 'अ' च्या वाट्यात मिसळू नयेत, कारण पैसे 'ब' देतो आणि बुडवलेच तर तोच बुडवील. अहवालात दोन वेगळे स्तंभ ठेवावेत: पैसे कोण देतो आणि पार्ट शेवटी कुठे बसतो. उधारीची चिंता पहिल्या स्तंभातून कळते, मंदीची दुसऱ्यातून. पाऊस हुकला आणि ट्रॅक्टरचा खप पडला तर या कारखान्याच्या निम्म्या विक्रीला एकाच महिन्यात झळ लागेल.

आता ज्या गोष्टीकडे जवळजवळ सगळ्यांचे दुर्लक्ष होते तिच्याकडे वळू. विक्रीचा वाटा हे अवलंबित्वाचे फसवे माप असू शकते, कारण विक्रीत दुसऱ्याचे लोखंड मिसळलेले असते. 'अ' साठी कास्टिंग आपण विकत घेतो, मशिनिंग करतो आणि सगळ्याचे मिळून बिल करतो. तिसरा ग्राहक 'क' मात्र जॉबवर्क देतो. कास्टिंग त्याची, बिल फक्त मशिनिंगचे. 'अ' च्या ४ कोटी ८० लाखांपैकी ६५ टक्के मालाचे, म्हणजे आपल्या हाती उरतात १ कोटी ६८ लाख. 'क' च्या १ कोटी ४४ लाखांतून इन्सर्ट आणि कूलंटसारखा खर्च जाऊन १ कोटी ३० लाख उरतात. बाकी सगळ्यांच्या ५ कोटी ७६ लाखांतून मालाचे ६० टक्के वजा केले की सुमारे २ कोटी ३० लाख. असे एकूण ५ कोटी २८ लाख हाती राहतात, आणि पगार, वीज, भाडे, कर्जाचे हप्ते हे सगळे त्यातूनच भागते. या रकमेत 'अ' चा वाटा ३२ टक्के आहे आणि 'क' चा २५. विक्रीच्या यादीत १२ टक्क्यांवर गप्प बसलेला 'क' कारखान्याचा पाव भाग चालवत होता. त्याची ऑर्डर गेली तर विक्री थोडीच घटलेली दिसेल, पण पगाराच्या दिवशी पाव हिस्सा कमी पडेल. जिथे जॉबवर्क आणि स्वतःच्या मालाचे काम मिसळलेले आहे, तिथे हा स्तंभ नसलेला अहवाल मी अपुरा मानतो.

येणे रकमेचा वाटाही शेजारी मांडावा. ३१ मार्चला एकूण २ कोटी ४० लाख येणे होते आणि त्यातले १ कोटी ३० लाख एकट्या 'अ' कडून. विक्रीत ४० टक्के, पण अडकलेल्या पैशात ५४. याचा अर्थ सरळ आहे: मोठा ग्राहक इतरांपेक्षा उशिरा पैसे देतो आणि कारखाना बँकेच्या कॅश क्रेडिटवर व्याज भरून त्याला उधार पुरवतो. २००६ चा एमएसएमईडी कायदा सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराच्या बाजूने आहे. लेखी करार असला तरी मुदत ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही, आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढीने व्याज द्यावे लागते. पण ज्याच्याकडून ४० टक्के काम येते त्याला व्याजाची मागणी पाठवणारा कारखानदार मी पाहिलेला नाही. हक्क कागदावर असतो आणि वाट्याचा आकडा तो वापरू देत नाही. हर्शमन यांच्या पुस्तकातली विषमता इथे रोजच्या व्यवहारात उतरलेली दिसते. समजा 'अ' ची वर्षाची खरेदी ६,००० कोटींची आहे. त्यात आपले ४ कोटी ८० लाख म्हणजे ०.०८ टक्के. त्याच्या दृष्टीने आपण हजारात एकही नाही.

मात्र पैशांच्या प्रमाणात न दिसणारी एक ताकद लहान बाजूकडे कधी कधी असते. एखादा पार्ट फक्त आपल्याकडूनच जात असेल तर तो थांबल्यावर त्यांची लाइनही थांबते. म्हणून 'अ' च्या प्रत्येक पार्ट नंबरपुढे दुसरा व्हेंडर आहे की नाही हे लिहावे. ४० टक्के विक्री बावीस पार्टांतून येत असेल आणि त्यांतल्या सहांना पर्यायी व्हेंडर नसेल, तर ते नाते एकाच पार्टवर उभ्या असलेल्या ४० टक्क्यांपेक्षा पुष्कळ घट्ट असते. एकच पार्ट असेल तर एक डिझाइन बदल, एक नवे मॉडेल पुरेसे होते आणि सगळे एका दिवसात संपते.

एकवटलेली विक्री नेहमी वाईटच असते असे नाही. पानोस पाटातूकस यांनी २०१२ मध्ये 'द अकाउंटिंग रिव्ह्यू' या नियतकालिकात अमेरिकी कंपन्यांचा अभ्यास मांडला. मोजक्या ग्राहकांवर चालणाऱ्या कंपन्यांचा विक्री आणि कार्यालयाचा खर्च कमी, भांडवलाची फिरत जास्त आणि कामगिरी सरस, असे त्यात आढळले. शॉप फ्लोअरवर याचे कारण डोळ्यांना दिसते. एकाच कुटुंबातले पार्ट असले की सेटिंग कमी वेळा बदलावी लागते आणि मशीन चालू राहते. पुढच्या संशोधनात आणखी एक बारकावा समोर आला: नाते नवे असताना हे केंद्रीकरण नफ्याला मारक ठरते आणि नाते मुरल्यावर तारक. सुरुवातीला त्या ग्राहकासाठी मशीन, गेज, फिक्श्चर घ्यावे लागतात. त्यांचा खर्च निघेपर्यंत काही वर्षे जातात.

म्हणूनच अमुक टक्क्यांपुढे धोका अशी सरसकट रेघ मी मारत नाही. त्याऐवजी अहवालात एक गणित घालतो. आमच्या कारखान्याचा ठरलेला खर्च हप्त्यांसह ४ कोटी ६० लाख आहे. हाती राहणाऱ्या ५ कोटी २८ लाखांतून तो गेला की ६८ लाख शिल्लक राहतात. 'अ' च्या कामातून येतात १ कोटी ६८ लाख. ६८ ला १६८ ने भागले की ४० टक्के. म्हणजे बाकी सगळे जसेच्या तसे असताना 'अ' ने शेड्यूल ४० टक्क्यांनी कापले की शिल्लक शून्य. निम्मे कापले तर वर्षाला १६ लाखांचा तुटवडा. 'क' साठीही हेच करून पाहावे: त्याचे ५२ टक्के काम जाताच कारखाना शून्यावर येतो. मालकाला निर्देशांकापेक्षा हे वाक्य लवकर समजते, आणि बँकेच्या अधिकाऱ्यालाही.

तुटवडा भरून काढायला किती अवधी लागेल, हे त्याच ओळीत लिहावे. नवी कंपनी मिळाली म्हणजे दुसऱ्या महिन्यात माल सुरू होत नाही. कोटेशन, ऑडिट, व्हेंडर कोड, नमुने, पीपॅपची मंजुरी, मग थोडे लॉट, मग शेड्यूल. वाहन उद्योगात याला सहज वर्ष जाते. तोवर कारखाना गाठीच्या पैशांवर किती महिने चालेल तेही मांडावे. या दोन आकड्यांत मोठी तफावत असेल तर नवा ग्राहक शोधायची वेळ आजच आहे, मग 'अ' चे शेड्यूल कितीही भरभरून येत असो.

शेवटी एक सापळा, ज्यात चांगले अकाउंटंटही अडकतात. दरवर्षी अहवाल केला की आधीच्या वर्षाशी तुलना होते आणि आकडा सुधारला की हायसे वाटते. समजा पुढच्या वर्षी 'अ' ने खरोखरच काम निम्मे केले. विक्री १२ कोटींवरून ९ कोटी ६० लाखांवर आली. 'अ' चा वाटा ४० वरून २५ टक्क्यांवर उतरला, वर्गांची बेरीज २,१३८ वरून सुमारे १,४६६ झाली आणि टेकू ४.७ चे ६.८ झाले. कागदावर भार छान वाटला गेलेला दिसतो, पण त्याच वर्षी कारखाना १६ लाख तोट्यात आहे आणि एकही नवा ग्राहक जोडला गेलेला नाही. म्हणून वाट्याच्या स्तंभाशेजारी रुपयांचा स्तंभ, दोन्ही वर्षांचा, ठेवायचा, आणि आधी 'अ' वगळून उरलेल्या ग्राहकांची बेरीज वाचायची. आमच्या नमुन्यात ती पहिल्या वर्षी ७ कोटी २० लाख होती. दुसऱ्या वर्षीही ७ कोटी २० लाखच आहे.